वसतिगृहाचा सौर बंब : हिशेब शेवटच्या बादलीचा

पौष महिन्यातील पहाट. साडेपाचची घंटा झाली की वसतिगृहातील मुले बादल्या घेऊन न्हाणीघरापुढे रांग लावतात. मोठी मुले साहजिकच पुढे असतात आणि पाचवी-सहावीची लहान मुले मागे राहतात. पहिल्या चाळीस-पन्नास बादल्या वाफाळत्या भरतात, पुढच्या दहा-पंधरा कोमट होतात आणि शेवटची लहानगी मुले गार पाण्यानेच दोन तांबे अंगावर घेऊन पळतात. गच्चीवर सौर बंब असतो, त्यावर बराच पैसा खर्च झालेला असतो आणि तरीही ही तक्रार दर हिवाळ्यात ऐकू येते. बंब निकामी आहे असे आपण म्हणतो. परंतु आम्ही जेव्हा जेव्हा अशा बंबाचा हिशेब मांडून पाहिला, तेव्हा तेव्हा दोष बहुधा यंत्रात नव्हे, तर मापात आढळला. एक तर टाकी कमी पडत होती, किंवा टाकीच्या मानाने पॅनेल कमी होते.

हे माप कसे काढावे, ते या लेखात एका उदाहरणाने पाहू. उदाहरणासाठी आम्ही नांदेड जिल्ह्यातील मुखेड येथे ८० मुलांचे एक वसतिगृह आहे असे कल्पिले आहे. मुखेड निवडण्याचे कारण असे की मराठवाड्यातील अशा बहुतेक गावांच्या अडचणी तेथे एकत्र आढळतात : स्वच्छ ऊन मुबलक, पाणी बेताचे, बोअरचे पाणी अनेकदा क्षारयुक्त आणि विजेचा भरवसा कमी.

बंब विकणारे 'शंभर लिटर', 'पाचशे लिटर' अशी भाषा बोलतात. आपण मात्र लिटरपासून नव्हे, तर बादलीपासून सुरुवात करावी. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, म्हणजे मुले नाताळच्या सुट्टीला घरी जाण्यापूर्वी, तीन दिवस पहाटे न्हाणीघराजवळ उभे राहावे. मूल किती पाणी घेते ते मोजावे. अंगावर घेण्याजोगे झालेले पाणी किती अंशांचे आहे आणि नळाचे गार पाणी किती अंशांचे आहे, हे साध्या तापमापकाने पाहावे. आंघोळीचे पाणी साधारण ४० अंश सेल्सिअसचे भरते. मुखेडकडे थंडीत पहाटेचा पारा १०-१२ अंशांपर्यंत उतरतो; बोअरचे पाणी निघताना उबदार असले तरी गच्चीवरच्या टाकीत रात्रभर राहिले की १८ अंशांच्या आसपास येते. मुलाची बादली १६ लिटरची धरू. म्हणजे एका मुलासाठी १६ लिटर पाणी १८ वरून ४० अंशांवर, २२ अंशांनी तापवायचे आहे.

एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. ८० मुले, प्रत्येकी १६ लिटर आणि २२ अंश यांचा गुणाकार केला की सुमारे २८,००० किलोकॅलरी होतात. विजेच्या मीटरवर हेच सुमारे ३३ युनिट होतील. उघड्या चुलीत लाकडाच्या उष्णतेचा पाचवा-सहावा हिस्साच भांड्यापर्यंत पोहोचतो, हे ध्यानात घेतले तर याच आंघोळींसाठी रोज ४० ते ५० किलो वाळलेले सरपण जाळावे लागेल. ज्या बोर्डिंगमध्ये अजून हंडे तापवले जातात, तेथील स्वयंपाकघराच्या मावशींना हा आकडा कोणी सांगण्याची गरज नाही.

आता टाकीकडे वळू. सौर बंबाची सर्वांत मोठी अडचण अशी की ऊन पडते दिवसा आणि आंघोळ होते सूर्योदयापूर्वी. म्हणून आदल्या दिवशीची सारी उष्णता रात्रभर जपून ठेवावी लागते. घरी आंघोळी दिवसभरात विखुरलेल्या असतात, त्यामुळे टाकी थोडी लहान असली तरी निभावते. वसतिगृहात दीड तासात सगळे संपायचे असते आणि त्या वेळी नवे ऊन मदतीला नसते.

संध्याकाळी टाकीतील पाणी ६० अंशांवर आहे असे समजू. टाकीला चांगले आवरण असले तरी रात्रीतून पाच-एक अंश जातात, म्हणजे पहाटे ५५ उरतात. हे पाणी १८ अंशांच्या पाण्यात मिसळून ४० अंश करायचे आहे. गरम पाण्याचा वाटा काढण्याची रीत सोपी आहे : हवे ते तापमान वजा गार पाण्याचे तापमान, भागिले गरम पाण्याचे तापमान वजा गार पाण्याचे तापमान. येथे २२ भागिले ३७, म्हणजे सुमारे ०.६. सोळा लिटरच्या बादलीत साडेनऊ लिटर गरम आणि साडेसहा लिटर गार पाणी. ८० मुलांसाठी सुमारे ७६० लिटर गरम पाणी लागेल.

मग ७५० लिटरची टाकी चालेल का? येथेच बहुतेकांची फसगत होते. गरम पाणी टाकीच्या वरच्या तोंडातून बाहेर पडते आणि जितके बाहेर पडते तितकेच गार पाणी खालून आत येते. गरम पाणी हलके असल्याने वर तरंगते आणि गार पाणी तळाशी राहते. परंतु दोहोंमधली सीमा काही भिंतीसारखी नसते. घाईच्या वेळी पाच-सहा नळ एकदम सुटले की गार पाणी जोराने आत घुसते व वरच्या थरात मिसळते. टाकीतले सुमारे चार-पंचमांश पाणी निघाले की उरलेले कोमट झालेले असते. म्हणून ७६० लिटर खरोखर वापरायला हवे असेल, तर ७६० भागिले ०.८, म्हणजे ९५० लिटर धरावे. बाजारात मिळणारे माप १,००० लिटर. शेवटच्या मुलाची बादली गरम राहते की नाही, हे या दोनशे-अडीचशे लिटरांवर ठरते. आणि दरपत्रकात पहिली कात्री नेमकी यांनाच लागते.

टाकी ठरली. आता ती तापवणारे संग्राहक, ज्यांना आपण पॅनेल म्हणतो, किती हवेत? रोज निघून जाणारी उष्णता भरून काढायची आहे. आंघोळीत जाणारे २८,०००. रात्री १,००० लिटर पाणी पाच अंशांनी निवते त्याचे ५,०००. आणि नळ्यांतून वाया जाणारे सुमारे ३,०००. एकूण ३६,००० किलोकॅलरी, म्हणजे ४२ युनिटांइतकी उष्णता. मराठवाड्यात डिसेंबर-जानेवारीत आकाश निरभ्र असते. दक्षिणेकडे कललेल्या पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस मीटरवर दिवसभरात सुमारे साडेपाच युनिट इतके ऊन पडते. सपाट पॅनेल त्यातील सगळे पाण्याला देत नाही. काचेवरून काही परतते, काही हवेत जाते. दिवसाची सरासरी घेतली तर ४५ टक्के हाती लागतात असे धरणे वाजवी आहे. म्हणजे चौरस मीटरमागे अडीच युनिट. ४२ ला अडीचने भागले की जवळजवळ १७ चौरस मीटर येतात.

सपाट पॅनेल सामान्यतः दोन चौरस मीटरचे असते, तेव्हा हिशेबाने साडेआठ पॅनेल झाली. आम्ही दहा घ्यावीत असे म्हणू. कारण काचेवर धूळ बसते, तिसऱ्या-चौथ्या वर्षी आतला काळा लेप पहिल्याइतका राहत नाही आणि एखादा ढगाळ दिवस मध्येच येतो. जुन्या जाणत्यांचा ठोकताळाही तोच आहे : शंभर लिटरला दोन चौरस मीटर. हजार लिटरला वीस. ठोकताळा हिशेबाशी जुळतो तो याच अटींवर. आंघोळीचे पाणी दुप्पट असेल किंवा पहाटेचे गार पाणी बरेच अधिक गार असेल, तर ठोकताळा सोडून पुन्हा बादलीपासून मोजावे.

टाकी आणि पॅनेल यांचे हे नाते बिघडले तर काय होते? समजा, देणगीदाराने उदारपणे दोन हजार लिटरची टाकी दिली, पण पॅनेल दहाच राहिली. दहा पॅनेलचे दिवसभराचे ऊन सुमारे ४३,००० किलोकॅलरी. ते दोन हजार लिटरांत वाटले गेले की पाणी २१ अंशांनी वाढून जेमतेम ३९ वर येते. रात्रीतून दोन-तीन अंश, नळ्यांत आणखी एक-दोन, आणि बादलीत पडते ते कोमट पाणी, ज्यात गार पाणी मिसळायला वावच नाही. टाकी मोठी असूनही कोणालाच समाधान नाही. उलट पाचशे लिटरच्या टाकीवर दहा पॅनेल जोडली तर पाणी उकळीच्या दिशेने जाऊ लागते. पाणी जितके तापते तितका पॅनेलमधून हवेत जाणारा वाटा वाढतो, म्हणून तेच ऊन कमी कामी येते. ऐंशी अंशांचे पाणी मिळाले तर प्रत्येकी पावणेसहा लिटर पुरते हे खरे. तथापि पाचशेपैकी चारशे लिटरच हाती येतात आणि रांगेतली शेवटची दहा मुले पुन्हा राहतातच. शिवाय ऐंशी अंशांच्या पाण्याने लहान मुलाचा हात क्षणात भाजतो. बादलीत आधी गार पाणी आणि मग गरम, हा नियम न्हाणीघराच्या भिंतीवर लिहिलेला असावा.

काचेच्या पोकळ नळ्यांचे बंब आता अधिक दिसतात. दुहेरी काचेमधली हवा काढलेली असल्याने थंडीत त्यांची उष्णता कमी वाया जाते, म्हणून शंभर लिटरला दीड चौरस मीटर पुरते. नळ्या मोजणे सोपे : ५८ मिलिमीटर जाडीच्या, १,८०० मिलिमीटर लांबीच्या सुमारे दहा नळ्या म्हणजे शंभर लिटर. आपल्या वसतिगृहाला शंभर नळ्या लागतील. दरपत्रकात 'पाचशे लिटर' लिहून खाली चाळीसच नळ्या असतील, तर तो बंब नावाला पाचशेचा आणि कामाला चारशेचा समजावा. लिटर नव्हे, नळ्या मोजाव्यात.

कोणता प्रकार घ्यावा हे पाणी ठरवते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतले जाते. माणसाला चालणारे हे ४००-५०० चे पाणी सपाट पॅनेलला मात्र चालत नाही. त्यातल्या तांब्याच्या उभ्या नळ्या बोटाएवढ्या बारीक असतात. पाणी साठ अंशांपलीकडे तापू लागले की क्षार पांढऱ्या थराने आत बसतात आणि दोन-तीन वर्षांत नळ्या बुजू लागतात. खूण अशी की स्वच्छ ऊन असताना दुपारी पॅनेलची काच काही पट्ट्यांत जास्त तापलेली लागते. तेथे आत पाणी फिरत नसते. काचेच्या नळ्या रुंद असल्याने लवकर बुजत नाहीत, परंतु त्यांच्या तळाशी गाळ साचतो आणि तो काढावाच लागतो. पाणी फार जड असेल तर उष्णता-विनिमयकाची व्यवस्था घ्यावी. त्यात पॅनेलमधून ठरावीक शुद्ध पाणीच पुन्हा पुन्हा फिरते आणि ते टाकीतल्या वापराच्या पाण्याला बाहेरून तापवते. तिची किंमत अधिक आणि काम थोडे कमी, म्हणून पॅनेलचे क्षेत्र दहा-पंधरा टक्क्यांनी वाढवावे लागते. आधी पाणी तपासून घ्यावे, मगच दरपत्रक मागवावे.

काचेच्या नळ्यांना आणखी एक भय आहे, ते दुष्काळाचे. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन आगगाडी लातूरला पोहोचली, तो उन्हाळा आपल्या भागातले कोणी विसरलेले नाही. अशा दिवसांत गार पाण्याची टाकी रिकामी पडते आणि बंबातील नळ्या उन्हात कोरड्या तापतात. दुपारी टँकर आला, टाकी भरली आणि गार पाणी त्या तापलेल्या काचेवर गेले की नळ्या तडकतात. टँकरचे पाणी बंबाला सकाळी लवकर किंवा सूर्यास्तानंतरच सोडावे. आणि टंचाईच्या वर्षी मुले अर्ध्या बादलीवर येतात, तेव्हा टाकी अपुरी नसते, उलट पाणी अधिक तापते. अशा वेळी काही पॅनेल जुन्या चादरीने झाकणे शहाणपणाचे. दिवाळीच्या व मे महिन्याच्या सुट्टीत वसतिगृह रिकामे असतानाही तेच करावे.

हजार लिटरची एकच टाकी घेण्याऐवजी पाचशेच्या दोन टाक्या, प्रत्येकीला पाच पॅनेल, अशी जोडणी आम्हांला अधिक पसंत आहे. एवढ्या आकारात पाणी आपोआप फिरते : तापलेले हलके होऊन वर चढते, गार खाली उतरते; पंप नको, वीज नको. एक बाजू दुरुस्तीला निघाली तरी निम्मी मुले गरम पाण्याने न्हातात. मात्र दोन्ही टाक्यांच्या नळ्यांची लांबी सारखी हवी, नाही तर जवळची टाकी आधी रिकामी होते आणि दूरची तशीच भरलेली राहते.

आपोआप फिरण्याची एक अट आहे. टाकीचा तळ पॅनेलच्या वरच्या कडेपेक्षा निदान फूटभर उंच हवा. टाकी खाली बसवली की रात्री उलटा प्रवाह सुरू होतो : टाकीतले गरम पाणी पॅनेलमध्ये जाऊन आकाशाखाली निवते. हे ओळखण्यासाठी दोन मापे पुरतात. सूर्यास्ताच्या वेळी टाकीचे पाणी किती अंश, आणि पहाटे पहिला नळ सोडण्यापूर्वी किती. साठचे पंचावन्न झाले तर ठीक. साठचे पंचेचाळीस झाले तर उलटा प्रवाह आहे, किंवा टाकीचे आवरण भिजले आहे. संध्याकाळीच पाणी पंचेचाळीस असेल तर रात्रीला दोष देऊ नये. धूळ, क्षार किंवा सावली शोधावी.

सावलीची गोष्ट उन्हाळ्यात ध्यानात येत नाही. मुखेड सुमारे पावणेएकोणीस अंश अक्षांशावर आहे, त्यामुळे डिसेंबरच्या अखेरीस सूर्य भर दुपारीही ४८ अंशांपेक्षा वर येत नाही. सकाळी सव्वानऊच्या सुमारास एक मीटर उंच कठड्याची सावली जवळजवळ एक मीटर ऐंशी सेंटिमीटर पडते. मे महिन्यात मोकळी दिसणारी जागा नाताळच्या सुमारास कडुनिंबाच्या छायेत असू शकते. जागेची पाहणी हिवाळ्यात करावी. पॅनेल दक्षिणाभिमुख ठेवून हिवाळ्याच्या सोयीने ३०-३५ अंशांचा उतार द्यावा. दहा पॅनेल आणि मधल्या वाटांसाठी तीस ते चाळीस चौरस मीटर मोकळी जागा लागते. भरलेल्या टाक्यांचे वजन सांगाड्यासह सव्वा टनाच्या घरात जाते, म्हणून त्या खांबांवर किंवा तुळयांवर याव्यात, स्लॅबच्या मधोमध नव्हे. आपल्याकडची जुनी माळवदे हा भार पेलत नाहीत. तेथे बंब जमिनीवर किंवा स्वतंत्र लोखंडी मांडणीवर उभारावा.

राहिला प्रश्न ढगाळ दिवसांचा. टाकीत तीन किलोवॅटचा विजेचा रॉड बसवून देतात आणि आपण निर्धास्त होतो. हिशेब पाहा : तासाला तीन युनिट म्हणजे सुमारे २,६०० किलोकॅलरी, आणि हजार लिटर पाणी त्याने तासाभरात अडीच अंशांनी तापते. पंधरा अंश वाढवायला सहा तास वीज हवी. त्याहून वाईट म्हणजे तो रॉड सदैव चालू ठेवणे. सकाळी आंघोळी उरकल्या की टाकीत गार पाणी भरते, रॉड लगेच ते तापवू लागतो, आणि ऊन येईपर्यंत टाकी आधीच गरम झालेली असते. उन्हाला करण्यासारखे काम उरत नाही आणि बिल मात्र पूर्ण येते. विजेचे बिल कमी झाले नाही अशी तक्रार असेल तर प्रथम हे बटण पाहावे. रॉड दोनपैकी एकाच टाकीत, वरच्या अर्ध्या भागात असावा. संध्याकाळी तापमान पाहून गरज असेल तरच पहाटेपूर्वी दोन-तीन तास लावावा आणि आंघोळीची घंटा होताच बंद करावा. पावसाळ्यात गार पाणीच २५ अंशांचे असते, तेव्हा ४० गाठायला २२ ऐवजी १५ अंश पुरतात. म्हणजे ऊन घटते तशी गरजही तिसऱ्या हिश्श्याने घटते. सलग झड लागली तर एक तांब्याचा बंब पेटवून लहान मुलांपुरते पाणी काढणे, हजार लिटर विजेवर तापवण्यापेक्षा केव्हाही स्वस्त पडते, आणि त्या दिवशी रांगेत लहान मुलांना पुढे घ्यावे.